मदत हवी आहे: कुर्तीचे रिटर्न वाढलेत, दोष कापडात की मापात?

इचलकरंजीकर: आम्ही कॉटन कुर्ती आणि बेडशीट ऑनलाइन विकतो. मार्चच्या मालात बेडशीटचे रिटर्न शेकडा 5, पण कुर्तीचे 32! निम्म्या जणींनी कारण ‘क्वालिटी खराब’ दिलंय. भाऊ म्हणतो कापड बदलू. त्याने नगामागे खर्च वाढणार. आधी शीटमध्ये काय तपासू?

धागादोरा: कारणांचा कॉलम आहे ना? क्वालिटी म्हणतायत तर कापडच. या महिन्यात आलेले रिटर्न भागिले या महिन्याची विक्री, एवढं दर महिन्याला बघत जा.

मापटेप: तसं नको. आज परत आलेली कुर्ती गेल्या महिन्यात गेलेली असते. विक्री घटली की टक्का उगाच फुगतो. रिटर्न ज्या महिन्यात माल पाठवला त्याच्याच खात्यात धरा. आणि कारणावर फार विसंबू नका, लोक समोर दिसेल ते दाबतात. इचलकरंजीकर, 32 मध्ये आरटीओ, म्हणजे ग्राहकाला न मिळताच परत फिरलेली पार्सलं, धरलीत का?

इचलकरंजीकर: हो. 460 पाठवल्या, 60 आरटीओ, 88 ग्राहकांकडून परत.

मापटेप: मग ते 60 बाजूला काढा. पार्सल उघडलंच नाही तर कापडाचा काय दोष? 400 पोहोचल्या, 88 परत, म्हणजे 22 टक्के. आता साइजप्रमाणे फोडा. B मध्ये प्रकार, C मध्ये साइज, D मध्ये स्थिती असेल तर:

```
=COUNTIFS(B:B,"कुर्ती",C:C,"XL",D:D,"परत")/COUNTIFS(B:B,"कुर्ती",C:C,"XL",D:D,"<>आरटीओ")
```

कापड वाईट असेल तर सगळ्या साइज साधारण सारख्याच परत येतील.

सुगरण_पुणे: मी परत केलेल्या ड्रेसचा रिफंड अजून आला नाही, कुठे तक्रार करू?

मापटेप: ताई, हा धागा विक्रेत्यांचा आहे. 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

इचलकरंजीकर: काढलं. एस 60 पैकी 6, एम 120 पैकी 14, एल 120 पैकी 20, एक्सएल 100 पैकी 48!

मापटेप: निम्मं दुखणं एक्सएलचंच. गोदामातले चार-पाच नग सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि साइज चार्टशी ताडा. चार्टमधलं माप अंगाचं असेल तर न ताणणाऱ्या कॉटनला दोनेक इंच सैलपणा हवाच.

इचलकरंजीकर: चार्ट अंगाचाच आहे, एक्सएलला 42. एमची कुर्ती 40 भरली, एलची 42, आणि एक्सएलचीही 42! कटिंगवाल्याकडे एक्सएलचा पॅटर्न बघायला जातो.

धागादोरा: मग कापड निर्दोष?

मापटेप: तसं नाही म्हणत. एक्सएल वगळून 300 पैकी 40 उरतात, ते बेडशीटपेक्षा जास्तच. पण अंगावर घालायच्या वस्तूची तुलना बेडशीटशी करू नये. परत आलेल्या त्या 40 हातात घेऊन बघा.

इचलकरंजीकर: त्यात सात-आठ मरून रंगाच्या आहेत, एकाच ताग्यातल्या की नाही ते बिलं काढून सांगतो.