मदत हवी आहे: एका फ्रेममधला सगळ्यात महाग पास कोणता? रेंडरडॉकमधली बेरीज अख्ख्या फ्रेमपेक्षा जास्त येतेय

वरळीचा_वारा:
नमस्कार मंडळी. लोअर परळला आमची छोटी टीम बिल्डरांसाठी फ्लॅटचे वॉकथ्रू करते. रेंडरर आमचाच, व्हल्कनवर लिहिलेला. सेल्स ऑफिसात लॅपटॉप ४के टीव्हीला जोडलेला असतो आणि गिऱ्हाईक विसाव्या मजल्याच्या बाल्कनीतून समुद्र बघतं. आता बिल्डरला त्यात पावसाळाही हवाय. पाऊस चालू केला की कॅमेरा फिरवताना स्पष्ट अडकतो. व्हीसिंक बंद करून मोजलं तर जीपीयूला फ्रेममागे २९ मिलिसेकंद लागतात. टीव्ही ६० हर्ट्झचा, म्हणजे १६.६७ मध्ये बसायला हवं.

रेंडरडॉकमध्ये त्याच जागेची एक फ्रेम पकडली आणि Event Browser मधलं घड्याळाचं बटण दाबून वेळा काढल्या. पासवार बेरीज अशी येते: सावल्या १२.४, घन वस्तू ९.६, एसएसएओ ३.१, पाऊस ९.८, पोस्ट १.९. एकूण ३६.८ मिलिसेकंद. फ्रेमच २९ ची असताना हे कसं? आणि सावल्या पहिल्या नंबरवर आहेत म्हणून त्यांच्यावरच महिनाभर काम करायचं का, हे ठरवायचंय.

चहावाला_कोडर:
कॅप्चर करताना सॉफ्टवेअर स्वतःच मशीन खातं. रेकॉर्डिंगचं रिझोल्यूशन कमी करा आणि एन्कोडर बदला, माझे व्हिडिओ तसेच सुरळीत झाले.

वरळीचा_वारा:
दादा, व्हिडिओ रेकॉर्डिंग नाहीये हे. एकाच फ्रेमच्या सगळ्या जीपीयू कमांड पकडून नंतर पुन्हा चालवायच्या, तसला कॅप्चर आहे.

मंदार_डोंबिवली:
सावल्यांच्या पासमध्ये ड्रॉ कॉल किती? हजाराच्या वर असतील तर दुखणं तिथेच आहे, इन्स्टन्सिंग करून टाका. आणि लॅपटॉप आहे म्हणजे जीपीयूचा क्लॉक वरखाली होत असणार. कॅप्चर पुन्हा चालवताना क्लॉक वेगळा असेल तर आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही.

वरळीचा_वारा:
सावल्यांना साधारण ११०० ड्रॉ आहेत. पावसाला फक्त ९.

शेडरकाकू:
मंदार, क्लॉकचं तुमचं अगदी बरोबर. ड्रॉच्या संख्येवरून जीपीयूचा वेळ काढणं मात्र चूक. जास्त ड्रॉंचा भार आधी सीपीयूवर पडतो, आणि इथे २९ हा आकडा जीपीयूचा आहे.

वारा, बेरीज का फुगली ते सांगते. रेंडरडॉक ही फ्रेम पुन्हा चालवतो आणि प्रत्येक ड्रॉच्या आधी आणि नंतर वेळेची नोंद घालतो. एरवी जीपीयू एक ड्रॉ संपायच्या आत पुढचा सुरू करतो. मध्ये नोंदी घुसल्या की हे एकमेकांवर चढून चालणं बऱ्याच हार्डवेअरवर तुटतं. दादरच्या पुलावर लोक सलग चढत असताना प्रत्येक माणूस वर पोचेपर्यंत मागच्याला खाली थांबवलं तर जे होईल, तेच इथे होतं. म्हणून ११०० बारीक ड्रॉंचा पास खूप फुगतो, आणि ९ मोठ्या ड्रॉंचा जवळजवळ खरा येतो. बघा, तुमचा क्रम नेमका याच कारणाने फिरला असण्याची शक्यता आहे.

खरा आकडा हवा तर चालत्या प्रोग्रॅममध्ये पासच्या सीमेवरच नोंद घाला. फ्रेमच्या सुरुवातीला एक, मग प्रत्येक पास संपल्यावर एक:

```
vkCmdWriteTimestamp(cmd,
    VK_PIPELINE_STAGE_BOTTOM_OF_PIPE_BIT,
    pool, passIndex + 1);
```

लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करून `timestampPeriod` ने गुणा, नॅनोसेकंद मिळतात. त्याआधी क्वेरी पूल रीसेट करायला विसरू नका, आणि निकाल दोन-तीन फ्रेम उशिरा वाचा, नाहीतर सीपीयू तिथेच ताटकळेल. एका फ्रेमवर विसंबू नका, त्याच जागी कॅमेरा ठेवून शेकडो फ्रेमचा मध्यक घ्या.

अनुजा_ठाणे:
माझं मोबाईलवर अडलंय. माली जीपीयूच्या फोनवर एका ड्रॉला शून्य आणि शेजारच्याला भलताच मोठा आकडा येतो. हेच कारण का?

शेडरकाकू:
नाही, तुमचं वेगळं आहे. तो जीपीयू स्क्रीनचे तुकडे करून काम करतो. आधी अख्ख्या पासची भूमिती, मग एकेका तुकड्यात सगळ्या ड्रॉंचे पिक्सेल. तिथे एकट्या ड्रॉचा वेळ असा सुटा निघतच नाही. पूर्ण पासचा वेळ आणि आर्मच्या स्ट्रीमलाइनमधले काउंटर बघा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

वरळीचा_वारा:
काकू, तुम्ही म्हणालात तसं मोजलं. सावल्या ४.६, घन वस्तू ८.२, एसएसएओ ३.०, पाऊस १०.१, पोस्ट १.९. बेरीज २७.८, उरलेलं यूआय आणि कॉपीत जातं. म्हणजे पहिला नंबर पावसाचा! रिझोल्यूशन १९२० × १०८० करूनही बघितलं, मंदारने क्लॉकचं सांगितलं म्हणून लॅपटॉप चार्जरला लावून. पाऊस २.७ वर आला, सावल्या होत्या तिथेच.

शेडरकाकू:
छान चाचणी केलीत. पिक्सेल चौथाई झाले आणि पावसाचा वेळही जवळपास चौथाई झाला, म्हणजे तो पास पिक्सेलांवर अडलाय. सावल्यांच्या नकाशाचा आकार स्क्रीनवर अवलंबून नसतो, म्हणून त्या हलल्या नाहीत. आता त्याच कॅप्चरमध्ये पावसाचा शेवटचा ड्रॉ निवडा आणि Texture Viewer मध्ये Quad Overdraw चा पासवार ओव्हरले लावा. कॅप्चरचा खरा उपयोग इथे आहे. वेळ बाहेर मोजायची, कारण आत शोधायचं. त्यानंतर पावसाच्या शेडरमधून फक्त एक स्थिर रंग परत करा आणि पुन्हा मोजा.

वरळीचा_वारा:
ओव्हरलेमध्ये आकाश आणि समुद्राच्या भागात सगळीकडे ७ थर दिसतात. बाल्कनीच्या भिंतीआड मात्र शून्य. स्थिर रंग ठेवला तरी १०.१ चे ८.६ च झाले.

शेडरकाकू:
मग शेडर हलका करून फारसं हाती लागणार नाही. वेळ ब्लेंडिंगमध्ये जातोय. तुमचं टार्गेट १६ बिट फ्लोटचं असेल तर पिक्सेलमागे ८ बाइट. प्रत्येक थराला जुना रंग वाचायचा आणि नवा लिहायचा म्हणजे १६. स्क्रीनवर ८३ लाख पिक्सेल आणि ७ थर धरले तर फ्रेममागे ९३० मेगाबाइटच्या आसपास. कॅश थोडं वाचवेल, पण लॅपटॉपच्या मेमरीला हे जडच आहे. सातही थर एकाच पूर्ण स्क्रीनच्या ड्रॉमध्ये आणा. शेडरमध्येच प्रत्येक थराची खोली डेप्थशी ताडा, रंग तिथेच मिसळा आणि ब्लेंड शेवटी एकदाच करा.

मंदार_डोंबिवली:
त्यापेक्षा पाऊस अर्ध्या रिझोल्यूशनच्या बफरमध्ये काढून वर पसरवा ना, कमी खटपट.

वरळीचा_वारा:
तेही करून बघितलं. वेळ उतरतो, पण रेलिंगच्या बारीक गजांभोवती कडा लुकलुकतात, आणि ४के टीव्हीवर ते लगेच डोळ्यात भरतं. काकूंच्या पद्धतीने पाऊस ३.४ वर आला, दिसायला आधीसारखाच. फ्रेम साधारण २२. अजून १६.६७ लांब आहे. आता सगळ्यात मोठा आकडा घन वस्तूंचा, ८.२. तिथे रिझोल्यूशन चौथाई केलं तरी वेळ ५.९ पर्यंतच उतरतो.

शेडरकाकू:
म्हणजे तिथलं बरंचसं काम पिक्सेलांचं नाही. त्रिकोण असतील, नाहीतर पासच्या तोंडाशी सावल्यांचा नकाशा तयार व्हायची वाट बघणं असेल. तुमच्याकडे एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनसाइटचा GPU Trace घ्या. त्यात क्लॉक स्थिर करता येतो आणि जीपीयूचा कुठला भाग रिकामा बसलाय ते वेळेच्या पट्टीवर दिसतं. समोरच्या टॉवरच्या मॉडेलमध्ये त्रिकोण किती आहेत तेही लिहा.

वरळीचा_वारा:
कार्ड एनव्हिडियाचंच आहे. ट्रेस उद्या घेतो. टॉवर आर्किटेक्टच्या फाइलमधून थेट आलाय, लॉड एकही नाही. त्रिकोण मोजून इथेच टाकतो.