मदत हवी आहे: परदेशी फीसाठी बँकेला द्यायच्या पत्रात नेमकं काय लिहू?

नाशिकहून आयर्लंडमधल्या विद्यापीठाला फी पाठवायची आहे. खातं बाबांचं, प्रवेश माझा. शैक्षणिक कर्ज नाही, पैसे बचतीतले आहेत. ए-2 फॉर्म बाबांच्या सहीने भरलाय, पर्पज कोड S0305 टाकलाय. पॅन दिलंय, आणि या आर्थिक वर्षात बाबांनी परदेशी काहीच पाठवलेलं नाही.

अडलंय ते पत्रावर. मी माझ्या नावाने लिहिलेलं पत्र बँकेने परत केलं, कारण पैसे पाठवणारे बाबा आहेत. दुसरी हरकत रकमेची: प्रवेशपत्रात वर्षाची फी 18,000 युरो आहे, तर इन्व्हॉइस फक्त पहिल्या हप्त्याचं, 6,000 युरोचं. काउंटरवर एवढंच उत्तर मिळालं, "रक्कम जुळत नाही." हप्ता म्हणजे पूर्ण फी नसणारच, पण ते तोंडी सांगून भागत नाही!

आता पत्र बाबांच्या नावाने लिहितोय. त्यात आमचं नातं, माझा विद्यार्थी क्रमांक, इन्व्हॉइस क्रमांक आणि "18,000 पैकी पहिला हप्ता 6,000" असं वाक्य घेतलंय. इन्व्हॉइसची मुदत आठ दिवसांवर आलीये.

ज्यांनी पालकांच्या खात्यातून हप्ता पाठवलाय त्यांना विचारतो: तुमच्या बँकेला एवढं पत्र पुरलं, की विद्यापीठाकडून हप्त्यांचं वेळापत्रक वेगळं मागवावं लागलं?