मदत हवी आहे: इंटर्नशिपमधल्या कामाची मुदत चुकली, माफीचा मेल कसा लिहू?

कोरांटी
पुण्यातल्या एका सामाजिक संस्थेत कॉलेज सांभाळून इंटर्नशिप करतेय. तीन तालुक्यांच्या पाणी-सर्वेक्षणाची एक्सेल शीट साफ करून त्यावर आलेख करून द्यायचे होते. एकूण १,८४० ओळी. मुदत काल, शुक्रवारी संध्याकाळी ५ ची होती. पहिल्या तालुक्याच्या ६४० ओळी साफ झाल्यात, दुसऱ्याच्या ५८० पैकी ६०, तिसऱ्याला हात लावलेला नाही. मॅडमना अजून काही कळवलेलं नाही आणि बुधवारी दुपारी त्यांची देणगीदारांबरोबर बैठक आहे. आमच्याकडे मेल मराठीतच असतात. मसुदा असा केलाय:

"आदरणीय मॅडम, काही अपरिहार्य कारणांमुळे काम वेळेत पूर्ण होऊ शकले नाही, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. खूप प्रयत्न केले, पण डेटा फारच खराब होता. लवकरात लवकर पाठवते. कृपया समजून घ्यावे."

खटकतंय, पण काय ते कळत नाही.

सागरगोटा
फॉर्म भरायची मुदत गेली असेल तर मेलच्या फंदात पडू नका. पोर्टल बंद झालं की बंद. सरळ पुढच्या बॅचला अर्ज करा.

कोरांटी
नाही हो, अर्ज नाही. इंटर्नशिप चालू आहे, त्यातलं काम द्यायचं राहिलंय.

पाणंद
खटकतंय ते बरोबरच आहे. "अपरिहार्य कारणं" म्हटलं की वाचणारा समजतो की खरं कारण सांगायचं नाही. "डेटा खराब होता" यात दोष शीटवर जातो, आणि ती शीट बहुतेक मॅडमच्याच लोकांनी भरलीय. "लवकरात लवकर" वाचून बुधवारी हातात काय असेल ते त्यांना समजत नाही. त्यांना नेमकं तेवढंच हवंय.

आधी तीन गोष्टी सांगा. वेळेत होणार नाही हे तुम्हाला कधी कळलं? दिवसाला खरोखर किती तास मिळतात? आणि आत्ता घड्याळ लावून ३० ओळी करा, किती वेळ लागला ते बघा. अंदाजाने सांगू नका, करून सांगा.

कोरांटी
मंगळवारीच कळलं होतं. सगळं दोन संध्याकाळींत होईल असं धरून कॉलेजच्या सबमिशन्स आधी घेतल्या होत्या. रोज चार तास मिळतात, रविवार धरून. ३० ओळींना अर्धा तास लागला.

टाकळीकर
एका ओळीला एक मिनिट? हे हाताने करायचं कामच नाही. गावांच्या नावांची एकदा वेगळी यादी काढा, चुकीची रूपं फाइंड-रिप्लेसने बदला. दोन दिवसांत संपेल. मेलमध्ये सोमवार लिहून टाका.

पाणंद
यादी काढायचं बरोबर आहे, त्याने वेळ नक्की वाचेल. पण डोळे मिटून रिप्लेस केलं तर "वडगाव बु." आणि "वडगाव खु." एक होऊन बसतील. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावं, आणि एकदा मिसळली की शीटवरून परत वेगळी करता येत नाहीत. कोरांटी, तारखांमध्येही घोळ आहे का? काही डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे?

कोरांटी
हो! अगदी असंच आहे. दोन वेगळ्या लॅपटॉपवर भरलंय.

पाणंद
मग वेळ तिथे जातोय. एका लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकी असणार, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्यावर २५ मार्च ही तारीख आपल्या पद्धतीने, आकड्यांत दिवस-महिना-वर्ष अशी लिहिली तर महिना २५ वा नसतो, म्हणून एक्सेल ती नुसता मजकूर धरून डावीकडे ठेवतो. ती निदान दिसते तरी. ५ मार्चची मात्र मुकाट्याने ३ मे होते आणि उजवीकडे शहाण्यासारखी बसते. कुठली ओळ कुठल्या लॅपटॉपवरची हे माहीत नसेल, तर कागदी फॉर्म बघण्यावाचून इलाज नाही. म्हणून आशेच्या वेगावर तारीख देऊ नका, मोजलेल्या वेगावर द्या.

उरल्या १,१४० ओळी. तासाला ६० म्हणजे १९ तास. आलेखांना ४, तपासणीला ३ धरा. झाले २६. त्यावर पाव भाग वाढवा, कारण कागदी फॉर्म शोधण्यात वेळ जातोच. साडेबत्तीस तास, रोज चार, म्हणजे आठ दिवसांहून थोडं जास्त. उद्यापासून मोजलं तर पुढच्या सोमवारची संध्याकाळ.

आता मोह होईल की दुसरा तालुका बुधवारच्या बैठकीआधी देते म्हणावं. त्याच्या ५२० ओळींनाच पावणेनऊ तास लागतात, वर तपासणी आणि आलेख. तुमच्याकडे मंगळवार रात्रीपर्यंत बाराच तास, त्यात पहिल्या तालुक्याची तपासणी आणि आलेखही करायचेत. सगळं सुरळीत झालं तरी जेमतेम बसेल. दिलेली दुसरी वेळ चुकली तर पहिली माफीही वाया जाते. तेव्हा बुधवारसाठी फक्त पहिला तालुका कबूल करा.

मेल असा. जुन्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे आधीचं बोलणं खाली दिसेल. विषय तेवढा बदला.

"विषय: पाणी-सर्वेक्षण शीट – शुक्रवारची मुदत चुकली, नव्या वेळा

मॅडम,
सर्वेक्षणाची शीट मी काल ५ वाजेपर्यंत द्यायला हवी होती, ती दिलेली नाही. माफ करा. कामाचा माझा अंदाज चुकला आणि तो चुकल्याचं मंगळवारी लक्षात येऊनही मी कळवलं नाही. तेव्हा कळवलं असतं तर बुधवारच्या बैठकीची तयारी तुम्हाला वेगळी करता आली असती.

१,८४० पैकी ७०० ओळी झाल्या आहेत. पहिला तालुका तपासून, आलेखांसह सोमवारी सकाळी ११ ला पाठवते. दुसरा शुक्रवारी सकाळी ११ ला आणि तिसरा त्यापुढच्या सोमवारी संध्याकाळी ५ ला. या वेळा काल-आजच्या प्रत्यक्ष वेगावरून काढल्या आहेत.

बैठकीसाठी दुसऱ्या तालुक्यातले ठरावीक आकडे हवे असतील तर कोणते ते सांगा, तेवढे रकाने आधी करते. तारखांसाठी मूळ कागदी फॉर्म लागतील, ते कुणाकडून घेऊ?"

शेवंता
माझे मार्गदर्शक अमेरिकेत आहेत. मी "सोमवारी ११" लिहिलं तर ते त्यांचे ११ धरतात. मी काय लिहू?

पाणंद
"भारतीय वेळेनुसार सोमवारी सकाळी ११" असं पूर्ण लिहा, आणि जमलं तर शेजारी त्यांची वेळही. तिथे तेव्हा रविवारची रात्र किंवा नुकतीच मध्यरात्र उलटलेली असते, म्हणजे वारही बदलू शकतो.

टाकळीकर
कॉलेजच्या सबमिशन्सचा उल्लेख हवा होता. खरं कारण तेच आहे ना? नाहीतर प्रामाणिक कसला?

पाणंद
विचारलं तर जरूर सांगावं. पण कॉलेज आहे हे ठाऊक असूनच काम घेतलं होतं, आणि चुकला तो अंदाज. मेलमध्ये मी तेवढंच ठेवेन.

शेवंता
मला टाकळीकरांचं पटतं. एक ओळ असावी, नाहीतर हलगर्जीपणा वाटतो. आणि इंटर्नशिप समन्वयकांना प्रत ठेवायची का?

पाणंद
आधीच्या मेलमध्ये ते असतील तर ठेवा. नसतील तर स्वतःहून जोडू नका, मॅडमना अवघडल्यासारखं होईल.

कोरांटी
मेल आत्ता पाठवला, "सबमिशन्समुळे उशिरा सुरुवात केली" एवढी ओळ घालून. एक शंका राहिली: फॉर्मच सापडला नाही तर त्या तारखेचं काय करू?

पाणंद
अंदाजाने भरू नका. तो रकाना रिकामा ठेवा, शेजारी नवा रकाना घेऊन "फॉर्म नाही" लिहा, जुनी नोंद जशी होती तशी त्याच्या पुढच्या रकान्यात मजकूर म्हणून राहू द्या. सोमवारच्या मेलमध्ये अशा किती ओळी उरल्या तो आकडा द्या. आणि तारखेवर बेतलेल्या आलेखाखाली तोच आकडा लिहा.