अभ्यासिकेत रोज दिसणाऱ्या व्यक्तीशी पहिलं बोलणं कुठं आणि कसं?

कृष्णाकाठ: सांगलीत विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करतोय. समोरच्या रांगेतली एक मुलगी तीन महिने रोज दिसते. ओळख करून घ्यावीशी वाटते. तिच्या टेबलावर चिठ्ठी ठेवू का?

मिरजकर वैशाली: चिठ्ठी नको. कुणी ठेवली असेल, या विचारात तिचा अख्खा दिवस जाईल. टेबलापाशीही जाऊ नका. तिथं शांतता असते, आजूबाजूचे सगळे ऐकतात आणि तिला पुस्तकं टाकून उठताही येत नाही. पेपर वाचायचं टेबल नाहीतर चहाची वेळ बरी, नको वाटलं तर माणूस सहज निघून जातो.

मी स्वतः एकाशी असंच बोलले होते. पहिल्या दिवशी फक्त, "तुमचं हे पान झालं की द्याल का?" दोन दिवसांनी चहाला विचारलं, "सीसॅटचे उतारे वेळ लावून सोडवता का? माझे शेवटचे दोन राहतातच." त्यानं सांगितलं आणि उलट विचारलं, "तुम्ही गणित आधी घेता का?" तो उलटा प्रश्न आला तेव्हा कळलं की यालाही बोलायचंय. तरी दोनच मिनिटांत "चला, बसते" म्हणून मी उठले. पुढच्या वेळी तोच आधी हसला. नुसतं "हो", "नाही" करून त्यानं पेपरात डोकं घातलं असतं, तर मी तिथंच थांबले असते.

रांगडा सांगलीकर: एवढे डावपेच कशाला? सरळ नाव सांगायचं, "रोज दिसता, म्हणून ओळख करून घ्यावी म्हटलं." खोटा प्रश्न विचारण्यापेक्षा हे प्रामाणिक.

मिरजकर वैशाली: नाव सांगा, ते पटलं. पण "रोज दिसता" हे तिला "रोज बघतो" असं ऐकू येतं. आणि माझे उतारे खरंच राहत होते. खरं अडलेलंच विचारावं.

इस्लामपूरचा दादा: अभ्यासाला जोडीदार पाहिजे तर फळ्यावर लिहा. आमचे चौघं तसेच जमले.

तासगावची अभ्यासू: दादा, विषय वेगळा आहे. मला एकानं रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये गाठलं. बोलणं सभ्य होतं, पण तो गाडीच्या पुढ्यात उभा आणि आसपास कुणी नाही. आठवड्यात मी अभ्यासिका सोडली. तीन महिन्यांची फी आगाऊ भरली होती, ती गेली. म्हणून म्हणते, पूर्वपरीक्षा होईपर्यंत बोलूच नका. बिनसलं तर जागा मुलीलाच सोडावी लागते.

कृष्णाकाठ: चिठ्ठी रद्द. पण पूर्वपरीक्षेनंतर ती येईलच असं नाही.

मिरजकर वैशाली: मग चहाला एकदा बोला. दुसऱ्या दिवशी तिनं नजर टाळली किंवा चहाची वेळ बदलली, तर ते उत्तर समजा आणि परत विचारू नका.

तासगावची अभ्यासू: वेळ तिनं का बदलायची? तसं दिसलं तर तुम्ही अर्धा तास उशिरा चहाला जा. तरी माझं मत तेच आहे.