काळवंडलेला कुंदन सेट आणि लाखेच्या बांगड्या

"लग्नातला कुंदन सेट काळवंडलाय, लाखेच्या आणि काचेच्या बांगड्याही मळल्यात, साबणाच्या पाण्यात टाकू का? खडे सुटतील अशी भीती वाटते."

कुंदन पाण्यात अजिबात नको गं. खड्याखाली चमकीचा पातळ वर्ख असतो आणि आत लाख भरलेली, कडेने पाणी शिरलं की तो वर्खच काळा पडतो, मग वरून कितीही पुसा. माझ्या हाराचं असंच झालं, इथे ठाण्यात ऐन पावसाळ्यात धुतला, आत ओल राहिली आणि आठवड्यात तीन खडे करडे दिसायला लागले. आधी उजेडात तिरपा धरून बघ, काळपटपणा वर आहे का खड्याच्या आत. आतला असेल तर कारागिराकडेच दे, खडा काढून वर्ख बदलावा लागतो. वरचा असेल तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढ, मग इअरबड जेमतेम ओला करून फक्त धातूवर फिरव, खड्याची कड सोडून, आणि लगेच सुती कापडाने टिप. टूथपेस्ट नको, कडांमध्ये अडकून बसते.

लाखेच्या बांगड्यांना सॅनिटायझर, स्पिरिट लावू नकोस, लाख त्यात विरघळते, आणि गरम पाण्याने मऊ पडून आरसे सुटतात, त्याही नुसत्या कापडानेच पूस. साध्या काचेच्या मात्र कोमट साबणाच्या पाण्यात खुशाल धू, फक्त सोनेरी नक्षी असेल तर चोळू नको.