भावाचा फॉर्म १६: फोटोवरून तक्ता करताना पन्नास हजार कुठे गेले?

अमोल:
नमस्कार मंडळी,
मुलुंडला मी आणि धाकटा भाऊ मिळून फ्लॅट घेतोय, आणि बँकेने भावाच्या पगाराचा एका पानाचा तक्ता मागितलाय, एकूण पगार, कापलेला टॅक्स आणि बचतीची वजावट, बस इतकंच. त्याने फॉर्म १६ ची प्रिंट जेवणाच्या टेबलावर ठेवून फोटो काढले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. मी फोनमधूनच टेक्स्ट कॉपी करून बघितलं तर आधी सगळी नावं आली आणि मग सगळे आकडे एकाखाली एक, कुठला आकडा कुणाचा काहीच कळेना, म्हणून शेवटी हाताने टाइप केलं. पण पहिल्याच ओळीत अडलोय. १७(१) चा पगार १४३६३५०.००, १७(२) चे पर्क्विझिट्स १२०००.००, आणि खाली टोटल छापलीय १४९८३५०.००. माझी बेरीज १४४८३५० येते, म्हणजे बरोब्बर पन्नास हजारांचा फरक. शिवाय ८०सी च्या समोर दोन आकडे आहेत, २१३४०० आणि १५००००, त्यातला बचतीचा कुठला धरू? वर्ष मी २०२४-२५ टाकलंय.

निखिल:
अमोल, पन्नास हजार म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन रे! कंपनीने ते आधीच वजा करून १७(१) दाखवला असणार, तू सरळ टोटल घे आणि पुढे चल. ८०सी ला दीड लाखाची लिमिट आहे, त्यामुळे १५०००० च बरोबर.

विद्याधरकाका:
अमोल, पगारदारांनी रिटर्न ३१ जुलैच्या आत भरायचं असतं, उगाच शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, आणि भरायच्या आधी २६एएस उघडून बघा. आमच्या दादरच्या बिल्डिंगमधल्या एकाचा कापलेला टॅक्स तिथे दिसतच नव्हता, कंपनीने पॅन चुकीचा टाकला होता, नीट होईपर्यंत दोन महिने गेले.

सुलभाताई, पार्ले:
अमोल, काकांनी रिटर्नचं सांगितलंय, तुझा प्रश्न तो नाही, पण २६एएसचं लक्षात ठेव, खाली लागेल.

निखिल, टोटल घे हे तुझं बरोबर आहे पण कारण चुकलं. मी अंधेरीला पेरोलमध्ये सव्वीस वर्षं काढलीत, स्टँडर्ड डिडक्शन कधीच पहिल्या ओळीत वजा होत नाही, ते चौथ्या ओळीत येतं, कलम १६ खाली, प्रोफेशनल टॅक्सच्या शेजारी. अमोल, तुझ्या फोटोत तिथे ५०००० दिसतायत का बघ. दिसत असतील तर ते वर परत कसे जातील? एकच रक्कम दोनदा वजा झाली असती.

मला वाटतं तू ८ चा ३ वाचलायस. ८ आणि ३ मध्ये पाचाचा फरक, दहा हजारांच्या जागेवर तोच पन्नास हजार होतो. ह्या फॉर्मवर आकडे स्वल्पविरामाशिवाय छापलेले असतात, त्यात कागद जरा वळला की ८ ची डावी बाजू पुसल्यासारखी दिसते. बेरीज चुकली आणि फरकात एकच अंक आणि पुढे नुसती शून्यं आली तर कायदा शोधायच्या आधी अंक बघायचा, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो.

खात्री दुसऱ्या बाजूने करायची. दुसऱ्या ओळीत एचआरएची सूट किती आहे आणि तिसऱ्या ओळीत काय उरलंय ते सांग. आणि प्रोफेशनल टॅक्स २५०० आहे ना? मुंबईत वर्षभर पगार घेणाऱ्याचा बहुतेक तेवढाच असतो, अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. तिथे २८०० किंवा २५००० दिसलं तर फोटो नीट वाचता येत नाहीये असं समज.

अमोल:
ताई, चौथ्या ओळीत ५०००० आणि २५०० दोन्ही आहेत. एचआरए १८००००, तिसरी ओळ १३१८३५०.

सुलभाताई, पार्ले:
मग झालंच की. १३१८३५० मध्ये १८०००० मिळव, १४९८३५० येतात. खालून वर आलं तरी टोटल तीच, म्हणजे टोटल बरोबर आणि १७(१) चा आकडा १४८६३५०. एक्सेलमध्ये शेजारी ही ओळ टाकून ठेव, शून्याशिवाय काही आलं तर परत फोटो बघ:

```
=B2+B3-B4
```

B2 मध्ये पगार, B3 मध्ये पर्क्विझिट्स, B4 मध्ये छापलेली टोटल. टोटल स्वतः काढू नकोस, छापलेलीच टाइप कर, नाहीतर तपासणार कशाशी?

आता ८०सी. पहिला रकाना म्हणजे भावाने दाखवलेली गुंतवणूक, पीएफ, एलआयसी वगैरे सगळं मिळून, आणि दुसरा म्हणजे त्यातलं टॅक्ससाठी मान्य झालेलं. बचतीची वजावट म्हणून १५०००० बरोबर, पण बँकेला तो महिन्याला किती बाजूला टाकतो हे बघायचं असेल तर २१३४०० पण द्यायला हवेत. मी दोन्ही रकाने ठेवले असते. एनपीएसचे जादा ५०००० आणि मेडिक्लेमची ८०डी ची रक्कम त्याच टेबलात खाली येते, पण तिथेच पान बदलतं आणि दुसऱ्या फोटोत रकान्यांची नावं नसतात, म्हणून डावा कुठला उजवा कुठला हे पहिल्या फोटोवरून ठरवायचं.

कापलेला टॅक्स पार्ट ए मधून घे, चार तिमाह्यांचं वरचं टेबल. त्याच्या खाली चलनांचं जे लांबलचक टेबल असतं ते त्याच पैशांचं आहे, दोन्हीची बेरीज करून ठेवलेली माणसं मी पाहिलीत.

आणि वर्ष! २०२४-२५ हे असेसमेंट इयर आहे, पगार एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ चा. तक्त्यावर आर्थिक वर्ष २०२३-२४ लिही.

अश्विनी:
ह्यात माझं एक सांगते, मी त्या वर्षी ऑगस्टमध्ये नोकरी बदलली होती आणि माझ्याकडे दोन फॉर्म १६ होते. दुसऱ्या कंपनीने पहिल्या ओळीतच खाली १(ई) मध्ये जुन्या कंपनीचा पगार दाखवला होता आणि मी दोन्ही फॉर्म मिळवून तक्ता केला, जुना पगार दोनदा धरला गेला. बँकेतल्या मुलीनेच पकडलं, मला इतकं कसंतरी झालं. अमोल, भावाच्या १(ई) मध्ये शून्यच आहे ना?

अमोल:
हो अश्विनी, ०.०० आहे. भावाने काल खिडकीपाशी कागद सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढला आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला, त्यात ८ स्वच्छ दिसतोय. आता असं झालंय:

आर्थिक वर्ष २०२३-२४
एकूण पगार: १४,९८,३५०
८०सी: गुंतवणूक २,१३,४००, वजावट १,५०,०००
एनपीएस जादा: ५०,०००
८०डी: २२,६००
एकूण वजावट: २,२२,६००
कापलेला टॅक्स: ३१,२०० + ३१,२०० + ३३,००० + ३५,०९४ = १,३०,४९४

सुलभाताई, पार्ले:
मी उलटं करून पाहिलं. १३१८३५० मधून ५२५०० आणि २२२६०० गेले की १०४३२५० उरतात. जुन्या रेजीमने दहा लाखांपर्यंत ११२५००, वरच्या ४३२५० वर तीस टक्के म्हणजे १२९७५, त्यावर चार टक्के सेस ५०१९. एकूण १३०४९४. पार्ट ए शी रुपयाला रुपया जुळतंय, तेव्हा मधला एकही अंक चुकलेला नाही असं मी धरते. तरी काकांनी सांगितलं तसं २६एएसमध्ये हीच रक्कम आहे का ते भावाला बघायला सांग, बँक तेच उघडते.

निखिल:
ताई, स्टँडर्ड डिडक्शनचं कळलं. पण पार्ट ए मध्ये तिमाहीचा जो दिलेला पगार असतो त्याची बेरीज माझ्या फॉर्ममध्ये १(डी) च्या टोटलशी जुळत नाहीये, बरीच कमी आहे. ते पण वाचण्यात चुकलंय का?

सुलभाताई, पार्ले:
निखिल, ते जुळेलच असं नाही. काही कंपन्या तिथे सूट वजा करून पगार टाकतात, काही अख्खा टाकतात, म्हणून मी तो आकडा तपासायला वापरतच नाही. किती कमी आहे? एचआरएइतकाच फरक असेल तर ठीक, नाहीतर तुझ्या एचआरला विचार.