अनुभव धागा: वाक्य काढताना ग्रीडी, बीम की सॅम्पलिंग?

मोगरा: इंग्रजी सूचना मराठीत आणणारं छोटं मॉडेल चालवते. जास्त शोधलं तर जास्त चांगलं मिळेल म्हणून बीम, म्हणजे एका वेळी किती अर्धवट वाक्यं सांभाळायची तो आकडा, ५ वरून ५० केला. "मुसळधार पावसामुळे कार्यालय उद्या बंद राहील" यायचं तिथे आता "कार्यालय बंद राहील". पाऊस गेला, उद्याही गेला! लांबीचं काहीतरी बिघडलंय. तुमचे अनुभव लिहा.

गावठाण: लांबीचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घच ना? जुन्या छापील पानांतल्या वेलांट्या-उकार मॉडेलकडून सुधारून घेतो. ग्रीडीच वापरतो, दर पावलाला सर्वात शक्य तो एकच तुकडा उचलायचा. उत्तर जवळपास ठरलेलंच असतं, बीम लावून फक्त वेळ गेला.

काळी_शाई: गावठाण, इथे लांबी म्हणजे टोकनांची, मॉडेल एकेक करून लिहितं त्या शब्द-तुकड्यांची, संख्या 🙂
मोगराताई, दोन्ही वाक्यांचे गुण, म्हणजे टोकनांच्या लॉग-संभाव्यतांची बेरीज, काढून टाका इथे.

मोगरा: आखूड: ४ टोकन, −३.२. पूर्ण: ९ टोकन, −४.५.

काळी_शाई: हेच. प्रत्येक टोकन बेरजेत उणे आकडाच घालतं, म्हणून लवकर संपणारं वाक्य फुकटात जिंकतं. बीम ५ असताना "इथे संपव" हा पर्याय पहिल्या पाचांत येतच नसावा, ५० मध्ये तो तगून राहिला. लांबीने भागा: −०.८ आणि −०.५. पूर्ण वाक्य वर आलं. २०१९ मध्ये स्टालबर्ग आणि बर्न या संशोधकांनी बीमऐवजी एकही सरस पर्याय न सुटणारा संपूर्ण शोध लावून पाहिला, तर निम्म्याहून जास्त वाक्यांना मॉडेलच्या मते सर्वोत्तम भाषांतर चक्क रिकामं निघालं. म्हणजे लहान बीम मॉडेलची चूक झाकत होता.

दुपारचा_चहा: एवढं कशाला, सॅम्पलिंग करा, पुढचा तुकडा शक्यतेनुसार चिठ्ठी टाकून निवडा! जाहिरातींच्या ओळींना बीम लावला की तेच ते गुळगुळीत वाक्य पुन्हा पुन्हा. टॉप-पी ०.९ ठेवून, म्हणजे एकूण ९०% शक्यता व्यापणाऱ्या वरच्या तुकड्यांतूनच चिठ्ठी काढल्यावर, ओळींत जीव आला. सॅम्पलिंग कधीही सरसच.

गावठाण: जाहिरातीला ठीक. मी एकदा सभेच्या सूचनेवर करून पाहिलं, तर सकाळचे १० चे ११ झाले. वाचायला वाक्य अगदी झकास, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. चार माणसं तासभर उशिरा.

सुपारी: मी वाक्यं आखूड व्हावीत म्हणून `length_penalty` १ वरून २ केलं. पेनल्टी वाढवली, तर वाक्यं लांबलीच!

काळी_शाई: नाव फसवं आहे. तो लांबीचा घातांक, आणि गुण उणे. मोठ्या आकड्याने भागलं की उणे गुण शून्याकडे सरकतो, म्हणून लांब वाक्य पुढे येतं. आखूड हवं तर आकडा कमी करा.

सुपारी: पण मग रिकामं वाक्य जिंकतं, तो दोष मॉडेलच्या शिकवणीचा की शोधाचा? भागाकार म्हणजे ठिगळच की.

काळी_शाई: ठिगळच. पण अजून बरेच जण तेच लावतात.

मोगरा: बीम परत ५, घातांक १. पाऊस परत आला! पण एका सूचनेला "नोंद घ्यावी, नोंद घ्यावी" असं शेपूट लागलंय. आता घातांक ०.६ करून बघते.